राउटरला लावलेली यूएसबी ३ हार्ड डिस्क आणि कोलमडणारा २.४ गिगाहर्ट्‌झ बँड: निदान आणि उपाय

हॉलमध्ये टीव्ही युनिटवर राउटर. त्याच्या मागच्या निळ्या पोर्टमध्ये १ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क, घरातले फोटो आणि सिनेमे सगळ्यांना बघता यावेत म्हणून लावलेली. डिस्कसोबत आलेली केबल वीतभर लांबीची, त्यामुळे डिस्क राउटरच्या अंगाला टेकून किंवा थेट त्याच्या डोक्यावर ठेवलेली असते. फोन आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्‌झवर असतात, त्यांना काहीच जाणवत नाही. पण बाल्कनीतला कॅमेरा दिवसातून चार वेळा ऑफलाइन जातो, बेडरूममधला स्मार्ट प्लग ॲपला उत्तर देत नाही, आणि प्रिंटर सापडतो तेव्हा सापडतो. ही सगळी उपकरणं फक्त २.४ वर चालणारी. फोन तिथे नेऊन पाहिला तर रेंजच्या कांड्या पूर्ण.

या लक्षणांवरून लोक चॅनल बदलतात, राउटर रीसेट करतात, शेवटी कॅमेराच बदलतात. डिस्ककडे कोणाचं लक्ष जात नाही, कारण डिस्क आणि वायफाय यांचा संबंध वरवर दिसतच नाही. तो संबंध नेमका काय, तो आपल्या घरात आहे की नाही हे कसं ताडायचं, आणि तो तोडायचा कसा, हे इथे क्रमाने दिलं आहे.

गोंगाट येतो कुठून

यूएसबी २ ची केबल चार तारांची असते. यूएसबी ३ मध्ये त्याच चार तारांच्या जोडीला आणखी पाच तारा येतात: डेटा पाठवायची एक जोडी, डेटा घ्यायची एक जोडी आणि एक अर्थ. या नव्या जोड्यांवरून सेकंदाला ५ अब्ज बिट धावतात. बिट एकाआड एक शून्य-एक असे आले, तर तारेवरची लाट सेकंदाला अडीच अब्ज वेळा वरखाली होते, म्हणजे २.५ गिगाहर्ट्‌झ. वायफायचा खालचा बँड २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्‌झ आहे. दोन्ही अक्षरशः शेजारी.

खरा डेटा नुसता शून्य-एक-शून्य-एक असा कधीच नसतो. यूएसबी ३ मध्ये बिट मुद्दाम विस्कटून पाठवतात, म्हणजे कुठल्याही एका फ्रिक्वेन्सीवर टोकदार सुळका उभा राहू नये. परिणामी ऊर्जा शून्यापासून ५ गिगाहर्ट्‌झपर्यंत गालिच्यासारखी पसरते आणि २.४ चा पूर्ण बँड त्या गालिच्याखाली येतो. म्हणूनच चॅनल १ वरून ६ वर, ६ वरून ११ वर गेलं तरी फरक पडत नाही. शेजाऱ्याच्या वायफायचा त्रास चॅनल बदलून कमी होतो, हा होत नाही.

फिल्टर लावून तो काढता येत नाही, कारण डेटाच त्या फ्रिक्वेन्सीत आहे. फिल्टर लावला तर यूएसबी ३ चालणारच नाही. उरतं ते शिल्डिंग, अंतर आणि वेग कमी करणं. इंटेलने एप्रिल २०१२ मध्ये याच विषयावर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं, त्यात यूएसबी ३ हार्ड डिस्क जोडल्यावर २.४ बँडमधला नॉइज जवळपास २० डेसिबलने वर गेलेला मोजला होता. त्यानंतर शिल्डिंग सुधारलं, पण स्वस्त केबल आणि प्लास्टिकच्या डब्यांमधून आजही भरपूर गळती होते.

गळतीच्या जागा ठराविक आहेत. प्लग पोर्टमध्ये जातो तो सांधा, डिस्कच्या टोकाचा सांधा, आणि डिस्कच्या आतलं सर्किट बोर्ड. केबलमधली शिल्डिंगची जाळी प्लगच्या धातूच्या कवचाला सगळ्या बाजूंनी नीट जोडलेली असेल, तर केबल शांत राहते. स्वस्त केबलमध्ये जाळी पिळून एका बारीक शेपटीने कवचाला टाकलेली असते, आणि तेवढी शेपटीच अँटेनाचं काम करते. नुसती केबल लावून ठेवली आणि पलीकडे काहीच जोडलं नाही, तर लिंक सुरूच होत नाही आणि गोंगाटही होत नाही.

हबचं गणित वेगळं आहे. हब ते राउटर ही स्वतःची एक यूएसबी ३ लिंक आहे, आणि प्रत्येक यूएसबी ३ डिस्कमागे आणखी एक. म्हणजे एका हबमुळे गळतीचे सांधे दुप्पट होतात. हबला फक्त यूएसबी २ चा पेनड्राइव्ह लावला तरी हबची वरची लिंक ५ गिगाबिटवर सुरू राहू शकते.

आणि एक गोष्ट पुष्कळांना चकवते: डिस्कवरून कोणी काही बघत नसेल तरीही गोंगाट होतो. लिंक जागी असेपर्यंत दोन्ही टोकं एकमेकांना रिकामी चिन्हं पाठवत राहतात, आणि तीही विस्कटलेलीच असतात. लिंक खोल झोपेत गेली तरच शांतता. डिस्कची मोटर थांबली म्हणजे लिंक झोपली असं समजू नका.

कांड्या पूर्ण, तरी कॅमेरा बंद

सगळं निदान ज्यावर उभं आहे, तो भाग हा. गोंगाट राउटरजवळ आहे, फोनजवळ नाही. फोनच्या कांड्या राउटरचा आवाज फोनपर्यंत किती जोरात पोचतो ते सांगतात, आणि डिस्क लावली म्हणून राउटरचा आवाज कमी होत नाही. कमी होतं ते राउटरचं ऐकणं. कानाशी मिक्सर चालू असताना दुसऱ्या खोलीतून कोणी हाक मारली तर ऐकू येत नाही. आपण ओरडलो तर मात्र त्यांना व्यवस्थित ऐकू जातं. राउटरची अवस्था तशी होते.

म्हणून मार बसतो तो उपकरणाकडून राउटरकडे जाणाऱ्या दिशेला, म्हणजे अपलोडला. कॅमेरा दिवसभर अपलोडच करत असतो, शिवाय त्याचा ट्रान्समीटर दुबळा आणि अँटेना बोटभर. डाउनलोडही थोडं घसरतं, कारण प्रत्येक पॅकेट मिळाल्याची पोच उपकरणाला परत पाठवावी लागते. ती पोच राउटरला ऐकू आली नाही की तो तेच पॅकेट पुन्हा पाठवतो.

आकड्यांत पाहू. समजा, बाल्कनीतल्या कॅमेऱ्याचा सिग्नल राउटरपर्यंत उणे ६८ डीबीएम येतो. शांत वेळी २० मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या चॅनलवर राउटरच्या रिसीव्हरचा नॉइज साधारण उणे ९५ असतो. दोन्हींतलं अंतर २७ डेसिबल. एवढ्यात एकाच अँटेनाचा साधा कॅमेरा आपल्या सर्वांत वरच्या पायरीवर, ६५ मेगाबिटवर, जोडलेला राहू शकतो. आता डिस्कमुळे नॉइज १५ डेसिबलने चढून उणे ८० झाला असं धरा. अंतर उरलं १२. कॅमेरा १३ ते २६ मेगाबिटच्या पायऱ्यांवर उतरतो, आणि मधला दरवाजा लागला किंवा दारात माणूस उभा राहिला की आणखी ५–६ डेसिबल जातात. मग तो तुटतो. घरातल्या भिंती धरल्या तर १५ डेसिबल म्हणजे राउटरचा ऐकण्याचा पल्ला जवळपास एक तृतीयांशावर येणं. हॉलमध्ये बसलेल्याला काहीच कळत नाही, बाल्कनी मात्र पल्ल्याबाहेर जाते.

फोनवरची वायफाय ॲनालायझर ॲप इथे उपयोगाची नाहीत. ती फक्त वायफायचे सिग्नल दाखवतात, गोंगाट दाखवत नाहीत. डिस्क लावून आणि काढून दोन्ही वेळा आलेख सारखाच दिसेल, आणि "डिस्कमुळे काही होत नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

पहिली पायरी: चाचणीची तयारी

राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही बँडला तात्पुरती वेगळी नावं द्या, नाहीतर लॅपटॉप मध्येच ५ वर उडी मारतो आणि चाचणी फुकट जाते. २.४ चं चॅनल ऑटोवरून काढून १, ६ किंवा ११ पैकी एकावर पक्कं करा आणि रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवा. ४० ची रुंदी या बँडवर तशीही ठेवू नये, पण चाचणीच्या वेळी ती हमखास घोळ घालते.

मग डिस्क खरंच यूएसबी ३ वर चालते आहे का ते बघा. पोर्ट निळा असला आणि डिस्कच्या खोक्यावर ३ लिहिलेलं असलं तरी जोडणी २ वर झालेली असू शकते. प्लग हळूहळू आत सरकवला तर आधी जुन्या चार पट्ट्या टेकतात आणि काही राउटर तेवढ्यावरच यूएसबी २ म्हणून जोडून मोकळे होतात. "काल ठीक होतं, परवा त्रास होता" अशा तक्रारींमागे कधी कधी हे एवढंच असतं. ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत फर्मवेअर असलेल्या राउटरवर ही एक ओळ चालवा:

```
grep . /sys/bus/usb/devices/*/speed
```

उत्तरात `usb1`, `usb2` अशा ओळी राउटरच्या स्वतःच्या पोर्टच्या असतात, त्या सोडून द्या. `2-1` सारखी ओळ डिस्कची. तिच्यापुढे `5000` असेल तर यूएसबी ३, `480` असेल तर यूएसबी २. `480` दिसत असूनही त्रास होत असेल, तर बहुतेक दोषी दुसरंच कोणीतरी आहे. कंपनीच्या फर्मवेअरवर ही सोय नसते. तिथे एखादी मोठी फाइल केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरवर कॉपी करून वेग बघा. सेकंदाला ४० एमबीच्या वर गेला तर यूएसबी ३ नक्की. त्याखाली राहिला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण पुष्कळ राउटरचा प्रोसेसरच तेवढ्यावर दमतो.

ब्रॉडबँड कंपनीने दिलेल्या पुष्कळ फायबर बॉक्सना एकच काळा यूएसबी पोर्ट असतो, आणि तो बहुधा यूएसबी २ चा असतो. त्यात लावलेली डिस्क हा प्रकार करत नाही. पण त्याच बॉक्सशेजारी लॅपटॉपचं डॉक किंवा गेमिंग कन्सोलची बाहेरची डिस्क ठेवलेली असेल, तर ती करते. डिस्क राउटरलाच जोडलेली असली पाहिजे असं काही नाही, ती त्याच्या अँटेनाजवळ असणं पुरेसं आहे.

दुसरी पायरी: लावा, काढा, परत लावा

एक कॉम्प्युटर राउटरला लॅन केबलने जोडा आणि त्यावर वेग मोजणाऱ्या iperf3 या प्रोग्रामचा `iperf3 -s` हा आदेश चालू करा. लॅपटॉप २.४ च्या नावाला जोडून त्रास होतो त्या जागी नेऊन ठेवा. कॅमेऱ्याची तक्रार असेल तर कॅमेऱ्याच्या शेजारीच. लॅपटॉप मांडीवर घेऊ नका, एका स्टुलावर ठेवा आणि चाचणी संपेपर्यंत हलवू नका. माणसाचं शरीर २.४ चा सिग्नल चांगलाच अडवतं. मग लॅपटॉपवर हे दोन आदेश, केबलवरच्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता टाकून:

```
iperf3 -c 192.168.1.10 -t 30
iperf3 -c 192.168.1.10 -t 30 -R
```

पहिला अपलोड मोजतो, म्हणजे राउटरचे कान. दुसरा डाउनलोड. प्रत्येक अवस्थेत दोन्ही तीन-तीनदा चालवा आणि मधला आकडा लिहून ठेवा.

अवस्था तीन: डिस्क लावलेली, डिस्क काढलेली, डिस्क पुन्हा लावलेली. तिसरी टाळू नका. डिस्क काढल्यावर वेग वाढला एवढ्याने काही सिद्ध होत नाही, कदाचित त्याच मिनिटाला शेजारच्यांचं व्हिडिओ डाउनलोड संपलं असेल. परत लावल्यावर वेग पुन्हा पडला तरच डिस्कवर बोट ठेवता येतं. डिस्क काढण्याआधी राउटरच्या पानावरून ती सुरक्षित काढा, किंवा ओपनडब्ल्यूआरटीवर `umount` करा. चाचणीच्या नादात ओढून काढलेल्या डिस्कची फाइल सिस्टिम बिघडली तर घरच्या फोटोंचं नुकसान होतं, आणि ते वायफायच्या त्रासापेक्षा कितीतरी मोठं असतं.

निकाल असा वाचायचा. डिस्क लावल्यावर अपलोड निम्म्याखाली आणि डाउनलोड थोडंसंच खाली, तर ही ओळखीची खूण आहे. दोन्ही सारखेच पडले आणि वेळेनुसार बदलत राहिले, तर गर्दी शेजाऱ्यांच्या वायफायची. पाच मिनिटांपुरतं सगळं ठप्प आणि मग पूर्ववत, तर स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हकडे बघा, तोही याच बँडमध्ये चालतो. डिस्क लावल्यावर ५ गिगाहर्ट्‌झवरचा वेगही तेवढाच पडला, तर राउटरचा प्रोसेसर डिस्क स्कॅन करण्यात गुंतला असेल. मीडिया सर्व्हर बंद करून पुन्हा मोजा.

ओपनडब्ल्यूआरटी असेल तर राउटरला त्याच्या कानांबद्दल थेट विचारता येतं:

```
iw dev phy0-ap0 survey dump
iw dev phy0-ap0 station dump
```

इंटरफेसचं नाव जुन्या आवृत्त्यांत `wlan0` असतं. नुसतं `iw dev` चालवलं की आपलं नाव दिसेल. पहिल्या आदेशाच्या उत्तरात `[in use]` असलेल्या चॅनलखालची `noise` ही ओळ बघा. डिस्क काढलेली असताना `-95` आणि लावल्यावर `-82` असं दिसलं, तर आणखी पुरावा लागत नाही. काही वायफाय चिप मात्र हा आकडा देत नाहीत, किंवा ठोकळेबाज एकच आकडा देतात. दोन्ही वेळा तंतोतंत तोच आकडा आला तर त्यावर विसंबू नका, `iperf3` वर विसंबा. दुसऱ्या आदेशात प्रत्येक उपकरणाच्या मॅक पत्त्याखाली `rx bitrate` असतो. तो उपकरणाकडून राउटरकडे येणारा वेग. कॅमेऱ्याचा हा आकडा डिस्क लावल्याबरोबर ६५ वरून १३ वर उतरताना डोळ्यांनी दिसतो.

मॅक असेल तर ऑप्शन दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की `Noise` दिसतो. पण तो मॅकजवळचा नॉइज आहे. बेडरूममध्ये बसून तो बघण्यात अर्थ नाही. मॅक राउटरच्या शेजारी नेऊन ठेवा आणि मग डिस्क लावून-काढून बघा.

तिसरी पायरी: डिस्कला यूएसबी २ वर आणा

पुष्कळ जण आधी महागडी केबल घेतात. माझ्या मते आधी वेग उतरवावा, कारण तेवढ्याने मूळच बंद होतं आणि बहुतेक घरांत काहीच गमवावं लागत नाही. यूएसबी २ वरून सेकंदाला ३० ते ४० एमबी मिळतात. फुल एचडी सिनेमाला १ ते २ एमबी पुरतात. भरगच्च ४के फाइल सेकंदाला १०० मेगाबिटची धरली तरी ती १२.५ एमबी होते. तोटा फक्त त्यालाच होतो, जो लॅन केबलवरून शेकडो जीबी राउटरच्या डिस्कवर कॉपी करतो.

काही राउटरमध्ये यासाठी सेटिंगच असतं. असुसच्या राउटरवर वायरलेसच्या `Professional` पानावर २.४ निवडल्यावर `Reducing USB 3.0 interference` असा पर्याय पुष्कळ मॉडेलवर मिळतो, आणि नव्या फर्मवेअरवर `USB Mode` या नावाने `USB 2.0` निवडता येतं. बदल केल्यावर राउटर रीबूट करा आणि लिंकचा वेग पुन्हा तपासा. सेटिंग बदललं म्हणजे डिस्क उतरलीच असं गृहीत धरू नका.

सेटिंग नसेल तर केबलने तेच साधता येतं. पोर्टेबल हार्ड डिस्कचं सॉकेट नीट बघा. ते रुंद, मध्ये खाच असलेलं, जणू दोन तुकडे जोडलेलं दिसतं. त्यातला मोठा तुकडा जुन्या मायक्रो यूएसबीच्याच मापाचा आहे. जुन्या फोनची मायक्रो यूएसबी केबल त्या अर्ध्या भागात बरोबर बसते, आणि डिस्क यूएसबी २ म्हणून सुरू होते. जास्तीच्या पाच ताराच नाहीत म्हटल्यावर ५ गिगाबिटची लिंक सुरू व्हायचा प्रश्नच उरत नाही. केबल डेटाची हवी, नुसती चार्जिंगची नको. डिस्कला सी पोर्ट असेल तर फोनच्या चार्जरसोबत येणारी ए-ते-सी केबल बहुधा यूएसबी २ चीच असते, ती चालते. तिसरा मार्ग म्हणजे डिस्कची मूळ केबल ठेवून मध्ये यूएसबी २ ची एक्स्टेंशन घालणं.

या सगळ्यात एक खड्डा आहे, तो विजेचा. पोर्टेबल हार्ड डिस्क मोटर फिरवायला सुरुवात करते त्या क्षणी ती एक अँपिअरच्या आसपास ओढते. बारीक तारेत तेवढ्याने व्होल्टेज पडतं. केबलच्या अंगावर बारीक अक्षरांत `28AWG/1P+24AWG/2C` असं छापलेलं असतं. त्यातला `2C` च्या आधीचा आकडा विजेच्या तारांचा. आकडा जितका लहान तितकी तार जाड. २८ ची एक मीटर केबल जाऊन-येऊन ०.४३ ओहम होते. ०.९ अँपिअरला त्यात जवळपास ०.४ व्होल्ट पडतात, म्हणजे डिस्कपर्यंत ४.६ पोचतात, आणि राउटरचा पोर्ट स्वतःच ५ पेक्षा थोडा कमी देत असेल तर त्याहूनही कमी. २४ च्या तारेत हीच घट ०.१५ व्होल्ट. म्हणून २४ किंवा २२ ची केबल घ्या, आणि गरजेपेक्षा लांब घेऊ नका.

वीज कमी पडते आहे हे डिस्क आवाजाने सांगते: सुरू व्हायचा प्रयत्न, एक टिक, पुन्हा प्रयत्न, पुन्हा टिक. ओपनडब्ल्यूआरटीवर `logread | grep -i usb` मध्ये `USB disconnect` आणि `new high-speed USB device` या ओळी आलटून-पालटून दिसतात. अशी डिस्क तशीच चालू ठेवू नका. स्वतःचा ॲडॅप्टर असलेला यूएसबी २ हब मध्ये घाला. यूएसबी ३ चा हब घातला तर आपण परत सुरुवातीच्या जागी येतो.

यूएसबी ३ चाच वेग हवा असेल तर

मग अंतर हा सर्वांत भरवशाचा मार्ग. २.४ गिगाहर्ट्‌झची लाट सुमारे १२ सेंटिमीटरची. स्रोतापासून तेवढ्या पलीकडे गेल्यावर अंतर दुप्पट केलं की गोंगाट साधारण ६ डेसिबलने उतरतो. डिस्क अँटेनापासून १५ सेंटिमीटरवरून सव्वा मीटरवर नेली तर दुप्पट तीनदा होतं, म्हणजे सुमारे १८ डेसिबल. वरच्या उदाहरणातला १५ डेसिबलचा त्रास त्यात संपतो. त्यातली पहिली फूटभर सरकवणीच सर्वांत जास्त देते, त्यामुळे डिस्क राउटरच्या डोक्यावरून काढून खालच्या कप्प्यात ठेवणं हा फुकटचा उपाय आधी करून बघा.

पण डिस्क लांब गेली तरी एक सांधा राउटरलाच चिकटलेला राहतो. तिथे केबलचा दर्जा महत्त्वाचा. प्लगचं कवच आतमध्ये सैल हलत असेल, प्लास्टिक मऊ आणि केबल नखाएवढी बारीक असेल, तर ती बदला. जाड, दुहेरी शिल्डची, एक ते दीड मीटरची यूएसबी ३ केबल घ्या. तीन मीटरच्या पुढे साधी यूएसबी ३ केबल भरवशाने चालत नाही. एक्स्टेंशन जोडून लांबी वाढवू नका, कारण मधला प्रत्येक जोड हा नवीन गळका सांधा. राउटरला दोन यूएसबी पोर्ट असतील तर अँटेनापासून लांबचा वापरा. केबल अँटेनाला समांतर वर नेण्याऐवजी थेट मागे, खाली सोडा.

केबलवर चिमटून बसवायचे काळे फेराइट मणी यासाठी विकले जातात. त्यांचा जोर काही शे मेगाहर्ट्‌झपर्यंत असतो, २.४ गिगाहर्ट्‌झवर त्यांच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. डिस्कला स्वयंपाकाची ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळणं तर करूच नका. फॉइल प्लगच्या कवचाला नीट जोडलेली नसेल तर सांध्यातली गळती तशीच राहते, आणि डिस्क आतल्या आत तापते. धातूच्या डब्याचं एनक्लोजर घेतलं तर फरक पडतो, कारण त्यात डबा आणि सॉकेटचं कवच एकमेकांना जोडलेले असतात.

पुन्हा मोजा

प्रत्येक बदलानंतर तीच जागा, तेच चॅनल, तेच दोन आदेश. एका वेळी एकच बदल करा. केबल, जागा आणि सेटिंग तिन्ही एकदम बदलले तर नेमकं कशाने काम झालं ते कळत नाही, आणि पुढे कोणीतरी डिस्क परत राउटरवर आणून ठेवली की सगळं पहिल्यापासून.

आपल्या उदाहरणात क्रम असा लागेल. डिस्क डोक्यावर असताना कॅमेऱ्याचा `rx bitrate` १३. डिस्क काढली, ६५. परत लावली, पुन्हा १३. म्हणजे निदान पक्कं. जुन्या फोनची मायक्रो यूएसबी केबल लावली, वेगाच्या ओळीत `480`, आणि कॅमेरा परत ६५ वर. इथे थांबावं. डिस्क टिकटिक करू लागली तर जाड केबल, तरीही करत असेल तर ॲडॅप्टरवाला यूएसबी २ हब. यूएसबी २ वर आल्यावरही कॅमेरा १३ वरच अडकला, तर डिस्कचा पिच्छा सोडा आणि राउटर ते बाल्कनी या वाटेतल्या भिंती, काच आणि लोखंडी जाळी मोजा.

ज्यांच्याकडे राउटरशेजारीच छोटा कॉम्प्युटर, त्याला यूएसबी ३ एसएसडी आणि घरातले बिनतारी सेन्सर जोडणारा झिग्बीचा डोंगल अशी मांडणी आहे, त्यांना हाच त्रास झिग्बीवर आधी दिसतो, कारण झिग्बीचे चॅनल ११ ते २६ हे २.४०५ ते २.४८० गिगाहर्ट्‌झमध्ये आहेत आणि सेन्सरचा सिग्नल फारच दुबळा असतो. तिथे एसएसडी हलवण्याऐवजी डोंगल हलवा. यूएसबी २ ची एक ते दीड मीटरची एक्स्टेंशन घेऊन तो एसएसडी आणि राउटर दोघांपासून लांब, भिंतीवर उंच लावा. डोंगल वीज अगदी थोडी घेतो, त्यामुळे तिथे बारीक तारेची केबलही चालते.